पाकीट आणि बेल्ट घेताना खरं लेदर की रेक्झीन, दुकानात उभ्याउभ्या कसं ओळखायचं?

गणोबा
मंडळी, मेहुण्याला द्यायला एक फॉर्मल बेल्ट आणि एक पाकीट घ्यायचंय. काल दादरला दोन दुकानं पालथी घातली. एकात काळा बेल्ट साडेसहाशेला, दुसऱ्यात डिट्टो तसाच दिसणारा चौदाशेला. दोन्हींच्या आतल्या बाजूला 'जेन्युइन लेदर' असा ठसा. स्वस्तवाल्याने खिशातून लाइटर काढला, बेल्टवर ज्योत फिरवली आणि म्हणाला, "बघा साहेब, रेक्झीन असतं तर वितळलं असतं." खरंच काही झालं नाही. महागवाल्याने लाइटर वगैरे काढला नाही, "घ्यायचा तर घ्या" असा चेहरा केला फक्त.

तर प्रश्न असा, की लाइटरची ही परीक्षा कितपत खरी? आणि न जाळता, न कापता, दुकानदाराशी न भांडता ओळखायची काही रीत आहे का? ऑनलाइन लिंका देऊ नका, हातात धरून बघूनच घ्यायचंय.

टवाळ_कार्टं
मेहुण्याला ना? मग रेक्झीन चालेल.

पमाकाकू
वास घ्यायचा रे सरळ. चामड्याचा वास लपत नाही. आमचे हे नाक लावल्याशिवाय चप्पल घेत नाहीत, लोक बघतात पण घेतात वास.

दुसरं म्हणजे पाण्याचा थेंब टाकून बघ. खऱ्या चामड्यात थेंब जिरतो आणि तिथे काळपट डाग पडतो, रेक्झीनवरून ओघळून जातो.

कट्टर_कांदेपोहे
'जेन्युइन लेदर' ही मुळात लेदरची सगळ्यात हलकी प्रत आहे. वरून खाली फुल ग्रेन, टॉप ग्रेन, मग जेन्युइन, मग बॉन्डेड अशी उतरंड असते. ठसा बघितला की परत ठेवून द्यायचा. यूट्यूबवर यावर ढिगाने व्हिडिओ आहेत.

रापीवाला
बरीच वर्षं धारावीत एका लेदरच्या कारखान्यात कटिंगला होतो, आता सॅम्पलिंगचं काम करतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी लाइटर. ज्योत दोन सेकंद फिरवून काढली तर चांगल्या पीयूला, म्हणजे प्लास्टिकच्या नकली लेदरलाही काही होत नाही. मागे कापड आणि भराव असतो, तो उष्णता ओढून घेतो, वरची पातळ फिल्म वितळायला वेळच मिळत नाही. लोकलमध्ये बेल्ट विकणारे हेच करतात. त्यांचा हात कसा सतत हलता असतो ते एकदा नीट बघा. आणि समजा ज्योत खाली धरून ठेवलीच, तरी बॉन्डेड लेदर जळताना केस जळल्यासारखाच वास येणार. टॅनरीत कातडं तासताना निघालेला भुसा आणि कातरण रबराच्या किंवा पीयूच्या चिकात दाबून त्याचा तक्ता बनवतात, ते बॉन्डेड. म्हणजे आत चामडं आहेच, फक्त कातडं नाही. पमाकाकूंचं नाकही इथेच फसतं, कारण भुशालाही तोच वास.

आता बेल्ट. पुढून कितीही निरखलात तरी विशेष कळत नाही. रंध्रं आणि सुरकुत्या रोलर फिरवून कशावरही उठवता येतात. पाठ बघून थोडंफार कळतं. कडेने तर काहीच कळत नाही, कारण फॉर्मल बेल्टची कड रंगवलेली असते आणि त्या रंगाखाली काय दडलंय ते दिसत नाही. पण दोन जागा रंगवायच्या राहून जातात.

एक, बेल्टची भोकं. भोकं बहुतेक वेळा कड रंगवून झाल्यावर पंचाने पाडतात. मोबाइलचा टॉर्च तिरका लावून भोकाच्या आतली भिंत बघा.

दुसरी जागा बकलच्या आत. हल्ली बहुतेक फॉर्मल बेल्टचं बकल दातांच्या क्लिपने बसवलेलं असतं. मागची पट्टी उचलली की बेल्ट सुटतो, कमरेच्या मापाने कापून द्यायची म्हणूनच ती सोय असते. दुकानदाराला सांगा, "जरा बकल काढून दाखवा, किती कापावा लागेल बघतो." रोजचंच काम आहे, कुरकुर न करता काढून देतो. ते कापलेलं टोक म्हणजे बेल्टचा पोटातला फोटो समजा.

तिथे काय दिसेल ते दुपारी लिहितो, माल आलाय.

टवाळ_कार्टं
ऐन रंगात आल्यावर माल येतो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

स्टुटगार्टचा_सदू
इथे जर्मनीत बुटाच्या आत स्टिकर असतो. पसरलेल्या कातड्याचा आकार असेल तर लेदर, नुसती पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर इतर काही, आणि कातड्याच्या आत चौकट असेल तर प्लास्टिकचा थर दिलेलं लेदर. गणोबा, तसलं चिन्ह शोधा.

रापीवाला
सदू, ते चिन्ह युरोपातल्या पादत्राणांच्या नियमातलं आहे. बेल्ट-पाकिटांना ते लागू नाही, त्यामुळे दादरच्या दुकानात गणोबांना ते मिळायचं नाही. 'प्लास्टिकचा थर दिलेलं लेदर' हा मुद्दा मात्र कामाचा, त्याकडे येतोच.

तर कापलेलं टोक. एकसंध कातडं असेल तर वरच्या बाजूला तंतू इतके दाट असतात की जवळजवळ दिसतच नाहीत, आणि खाली जावं तसे मोकळे, पिंजलेले होत जातात. मधे कुठेही सरळ रेघ दिसत नाही. पोटात फिकट निळसर-राखाडी पट्टा दिसला तर घाबरू नका. क्रोमने कमावलेलं कातडं मुळात निळसरच असतं, रंग आतपर्यंत पोचला नाही एवढाच त्याचा अर्थ.

रेक्झीन किंवा पीयू असेल तर वर चकचकीत फिल्मची रेघ आणि तिच्याखाली कापडाची वीण किंवा दोऱ्यांची टोकं. हे पोरसुद्धा ओळखेल.

बॉन्डेड किंवा आम्ही ज्याला लेदर बोर्ड म्हणतो तो भराव असेल तर वरपासून खालपर्यंत सगळं एकसारखं, तपकिरी. दाट-विरळ असा फरकच नाही. खात्री करायची तर त्या टोकाला टाचणीने किंवा नखाने खरवडा. कातड्यातून तंतू ओढला जातो, बोर्डाचा भुगा पडतो.

बाजारातले बहुतेक फॉर्मल बेल्ट हे या सगळ्याचं सँडविच असतं. वर पातळ कातडं, मधे बोर्ड, खाली अस्तर.

कट्टर_कांदेपोहे, ती उतरंड व्हिडिओवाल्यांची आहे. 'जेन्युइन' नावाची प्रत आम्ही कधी टॅनरीतून मागवली नाही. चांगल्या मालावरही तो ठसा असतो आणि भंगारावरही असतो. ठसा मारायची डाय कुणीही बनवून घेऊ शकतो, म्हणून त्यावरून मला तरी काहीच कळत नाही.

कट्टर_कांदेपोहे
प्रत नसेल, पण व्यवहारात अनुभव तोच येतो ना? ज्याच्याकडे चांगला माल आहे तो 'फुल ग्रेन' लिहितो. ज्याच्याकडे लिहिण्यासारखं काही नाही तो 'जेन्युइन' लिहितो.

रापीवाला
'फुल ग्रेन' लिहायलाही शाईच लागते हो.

कोकणकन्या
माझी वेगळीच तक्रार आहे. नवऱ्याचा एक बेल्ट चार वर्षं कपाटात नुसता टांगलेला होता, लग्नाशिवाय वापरला नाही. गेल्या पावसाळ्यानंतर काढला तर वरचं काळं सगळं पापुद्र्यांनी सुटलं, हाताला आणि शर्टाला लागलं. खाली पांढरं कापड. दुसरा रोजचा जुना बेल्ट आहे त्याला दर पावसात हिरवट बुरशी येते, पण पुसून तेल लावलं की परत चालू. मग बुरशी येते ते खरं आणि सोलतं ते खोटं, असं धरायचं का?

रापीवाला
सोलून खाली कापड निघालं म्हणजे पीयू, यात शंका नाही. दमट हवेतली वाफ पीयूची साखळी हळूहळू तोडते, त्यासाठी वापरायची गरज नाही. कोकणात आणि मुंबईत कपाटात ठेवलेला मालही म्हणून सुटतो. बुरशीवर मात्र भरवसा ठेवू नका. तिला चामड्यातलं तेल आवडतं हे खरं, पण रेक्झीनवर घाम आणि धूळ साचली तर तिथेही येते.

विनय_शहा_नाशिक
मला नेमकं उलटं हवंय. आम्ही जैन, घरात चामडं चालत नाही. दुकानदार 'फोम लेदर आहे, प्युअर सिंथेटिक' म्हणून देतो, पण खात्री कशी करायची?

पमाकाकू
विनयभाऊ, कापडी बेल्ट घ्या की. जाळीचा, विणलेला. प्रश्नच मिटला.

विनय_शहा_नाशिक
काकू, बँकेत नोकरी आहे, साहेबासमोर नाडी बांधून जाऊ का?

रापीवाला
विनयभाई, तुमचा प्रश्न गणोबांच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. वरून पीयू असलेल्या बेल्टच्या पोटात लेदर बोर्डचा भराव असू शकतो. स्वस्त पडतो आणि कडक राहतो म्हणून वापरतात. दुकानदार खोटं बोलत नसतो, त्याला स्वतःलाच आतलं ठाऊक नसतं. तेव्हा तुम्हीही भोक आणि टोक बघाच. आत कापड, फोम किंवा नुसतं प्लास्टिक दिसलं तर ठीक. तपकिरी भुगा पडला तर सोडून द्या. तो कागदाचा पुठ्ठाही असू शकतो, पण दुकानात उभं राहून फरक सांगता येणार नाही.

आणखी एक भानगड. मायक्रोफायबर म्हणून सिंथेटिक येतं. त्याला वीण नसते, पाठ हुबेहूब सुएडसारखी, आणि टाचणीने तंतूही निघतो. माझेही हात तिथे थबकतात. सुटलेला एक तंतू काडीने पेटवला तर कळतं. प्लास्टिक असेल तर आकसून टोकाला कडक मणी होतो, चामडं असेल तर बोटात चुरडणारी राख होते. जाळायचंच तर असं, तंतूभर जाळावं. अख्ख्या बेल्टवर लाइटर कशाला फिरवायचा?

ताळेबंद
एक वेगळी युक्ती. पक्कं बिल घ्या आणि एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाच्या वर्गवारीचा आकडा, बघा. बाहेरून चामड्याचं पाकीट ४२०२ ३१ मध्ये येतं, बाहेरून प्लास्टिक शीट किंवा कापड असेल तर ४२०२ ३२. दुकानदार तोंडाने काहीही सांगेल, बिलावर चुकीचा कोड टाकताना दोनदा विचार करेल.

नीरजा_के
ताळेबंद, युक्ती आवडली, पण शेपूट राहिलं. ४२०२ ३१ मध्ये 'लेदर किंवा कॉम्पोझिशन लेदर' असं दोन्ही आहे, आणि कॉम्पोझिशन म्हणजे रापीवाल्यांचं तेच बॉन्डेड. बेल्टच्या ४२०३ मध्येही तसंच. म्हणजे कोडवरून रेक्झीन बाहेर पडेल, भुशाचा तक्ता आतच राहील. शिवाय पाकिटाच्या कोडमध्ये फक्त बाहेरची बाजू धरतात, आत काहीही असो.

ताळेबंद
बरोबर. पण निम्मा गाळ तरी गाळला ना!

चिंचपोकळी_चिंतामणी
माझ्या ऑफिसच्या खुर्चीचं लेदर सोलतंय, वर काही लावता येईल का?

टवाळ_कार्टं
चिंतामणी, बॉस लावा. खुर्चीवर बसायला वेळच मिळणार नाही.

गणोबा
रिपोर्ट देतो. आज संध्याकाळी पुन्हा गेलो.

साडेसहाशेवाल्याला बकल काढायला सांगितलं. टॉर्च मारला. वर काळी, काचेसारखी चकाकणारी बारीक रेघ, खाली सगळा एकसारखा तपकिरी तक्ता, आणि तळाला कापडासारखं काहीतरी. नखाने खरवडलं तर बारीक भुगा बोटाला लागला. दुकानदार म्हणाला, "साहेब, हे कॉम्प्रेस केलेलं प्युअर लेदर आहे." मी हसून बाहेर पडलो.

चौदाशेवाल्याचंही बकल निघालं. वर साधारण मिलिमीटरभर जाडीचा थर, त्यात तंतू दिसत होते, चकाकती रेघ नव्हती. मधे पुन्हा तोच तपकिरी तक्ता! खाली पिवळट, मऊ, सुएडसारखं अस्तर, त्यालाही तंतू. म्हणजे दोन कातड्यांच्या मधे बोर्ड. रापीवाले, हा खरा म्हणायचा की खोटा?

कट्टर_कांदेपोहे
खोटा. 'लेदर' म्हणून चौदाशे घ्यायचे आणि पोटात पुठ्ठा भरायचा, ही फसवणूक नाही तर काय? ग्राहक मंचात जायला हवं.

रापीवाला
गणोबा, निरीक्षण उत्तम. पहिला बेल्ट सरळ बॉन्डेडवर फिल्म आहे. रोज वापरला तर भोकांपाशी, जिथे वाकतो तिथे, भेगा पडतील.

दुसऱ्याबद्दल मी कट्टर यांच्याशी सहमत नाही. फॉर्मल बेल्टला मधे फुगीर, कडेला बसका असा आकार लागतो, तो भरावाशिवाय येत नाही. चांगले कारखानेही भराव घालतातच. भराव कशाचा आहे यावर मात्र आयुष्य ठरतं. बोर्डाचा असेल तर काही वर्षांनी मधे पोट मोडतं, वरचं कातडं शाबूत असलं तरी.

भराव नकोच असेल तर एकेरी बेल्ट मागा. तीन ते चार मिलिमीटर जाडीचं एकच कातडं, शिवण नाही किंवा नुसती शोभेची. धारावीत मुख्यतः म्हशीच्या कातड्याचे मिळतात. बैलाचं राज्यात २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर स्थानिक फारसं येत नाही. एकेरी बेल्ट घेताना एवढंच बघा, की टेबलावर सपाट सोडला तर सरळ पडतो की सापासारखा वळतो. बेल्ट जनावराच्या पाठीच्या कातड्यातून काढलेला असावा. पोटाचं कातडं सैल, ते वापरून ताणतं आणि वाकडं होतं. बारीक चणीच्या माणसाचा बेल्ट कशातूनही निघतो. चाळीस-बेचाळीस कमरेला एकसंध सरळ पट्टी काढायला कातडं चांगलं लागतं, म्हणून मोठ्या मापाचा स्वस्त बेल्ट दिसला की मी आधी जोड शोधतो.

कट्टर_कांदेपोहे
आकारासाठी भराव घाला ना, पण ठशाखाली लिहा, 'आत पुठ्ठा'. माझा मुद्दा तेवढाच.

रापीवाला
लिहावं, यावर माझी हरकत नाही. लिहिणारा मी अजून पाहिलेला नाही.

पमाकाकू
माझ्या पाण्याच्या थेंबाचं कुणी बोलेना.

रापीवाला
काकू, थेंब अर्धा बरोबर. कोल्हापुरी चपलेसारखं उघडं, झाडाच्या सालीने कमावलेलं कातडं थेंब पितं. फॉर्मल बेल्टवर मात्र रंगाचा आणि लाखेचा थर असतो, त्यावर अस्सल कातडं असूनही थेंब ओघळतो. जिरला तर बहुधा खरं. ओघळला तर काहीच सिद्ध होत नाही. आणि जिरला की दुकानदार डागाचे पैसे मागतो.

गणोबा
आणि पाकीट? त्याला ना भोक ना बकल.

रापीवाला
पाकिटात कडा दुमडून शिवलेल्या असतात, त्यासाठी कातडं रापीने सोलून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणतात. म्हणून बाहेरून काहीच दिसत नाही. बोट नोटांच्या कप्प्यात तळाच्या कोपऱ्यापर्यंत घाला आणि अस्तर बाजूला करा. तिथे दुमडीचं कच्चं टोक बहुतेक वेळा उघडंच राहतं. कार्डांच्या कप्प्यांची आतली कडही तशीच, वरचं कार्ड काढून टॉर्च मारा. कप्प्यांच्या खाली नायलॉनचं कापड असतं ती फसवणूक नाही, जाडी वाढू नये म्हणून तसं करतात. पण बाहेर कातडं आणि सगळे कप्पे पीयूचे, असा माल 'लेदर वॉलेट' म्हणून सर्रास येतो. कप्प्यांच्या तोंडाशीच आधी सोलतं, कारण कार्ड तिथे रोज घासतं.

आता तो राहिलेला मुद्दा. कातडं जाड असलं की ते मशीनवर आडवं चिरतात. वरचा थर चांगला, खालचा स्प्लिट. स्प्लिटवर प्लास्टिकची फिल्म चढवून वर रंध्रं उठवली की पाठ अस्सल, तंतू अस्सल, जळण्याचा वास अस्सल, आणि तुमच्या हाताला लागतं ते प्लास्टिक. युरोपात ही फिल्म ०.१५ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर त्याला नुसतं 'लेदर' म्हणून विकता येत नाही. आपल्या दुकानात ते कोण मोजणार!

अंगठ्याने दाबून बघा. वरच्या थराच्या कातड्यावर अंगठ्याभोवती बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या उठतात आणि सोडल्यावर विरतात. फिल्मवाल्या स्प्लिटवर ढोबळ, रुंद घडी पडते.

नीरजा_के
आत्ता माझ्या दोन पाकिटांवर करून बघितलं. एक शांतिनिकेतनचं जुनं, त्यावर सुरकुत्या बारीक उठल्या. दुसरं भेट आलेलं तपकिरी, त्यावरही बारीकच उठल्या, पण नोटांच्या कप्प्यात टॉर्च मारला तर वर चकाकती रेघ स्पष्ट दिसतेय आणि खाली तंतू. मग हे काय?

रापीवाला
फिल्म पातळ आणि मऊ असेल तर सुरकुत्या बारीक उठतात, तिथे अंगठा फसतो. रेघ किती जाड दिसतेय त्यावर आहे. नुसत्या लाखेचीही रेघ दिसते, पण ती केसाहून बारीक. मोबाइलच्या मॅक्रोने त्या कडेचा फोटो टाका, शेजारी नवी नोट ठेवा म्हणजे जाडीचा अंदाज येईल. तरीही मी पैजेवर सांगणार नाही. नक्की उत्तर सूक्ष्मदर्शकाखालीच मिळतं. चेन्नईच्या सीएलआरआय या चामडे संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी तपासून देतात, पण पाकिटासाठी कुणी तिथपर्यंत जात नाही.

नीरजा_के
रविवारी टाकते फोटो. नोट पाचशेची चालेल ना?

टवाळ_कार्टं
नोट खरी आहे का ते आधी बघा. त्यासाठी वेगळा धागा काढू.

गणोबा
बेल्ट घेतला. दोन्ही दुकानं सोडून रविवारी धारावीत गेलो, एकेरी, म्हशीच्या कातड्याचा, टोकाला निळसर पट्टा दिसला. टेबलावर सरळ पडला. तिथे तीन पाकिटांचे कोपरे चाचपले, दोनांत पीयूचे कप्पे निघाले. तिसऱ्याचं बाहेरचं-आतलं सगळं कातडं आहे, पण वरच्या रेघेबद्दल माझी खात्री होईना म्हणून अजून घेतलं नाही. दुकानदाराने दोन दिवस बाजूला ठेवलंय. नीरजाताईंच्या फोटोवर रापीवाले काय म्हणतात ते बघून ठरवतो.